दुकानदाराची दिवाळी: नेहमीच्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा कशा लिहाव्यात

आमचं किराणा दुकान साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत आहे. चार वर्षांपूर्वी पुतण्याने मोबाइलवर दिवाळीचं एक पोस्टर केलं. वर लक्ष्मी, खाली पणत्यांची रांग, मधे सोनेरी अक्षरांत ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा’, आणि त्याखाली लाल पट्टीत ‘सुका मेवा होलसेल दरात, आजच भेट द्या’. फोनमधल्या सहाशे नंबरांना ते गेलं. परत आले बावीस हात जोडलेले आणि एक प्रश्न: ‘काजू कसे किलो?’ दुसऱ्या दिवशी एक काकू दुकानात येऊन म्हणाल्या, “तुमचाही आला हो मेसेज, त्या गाड्यांच्या शोरूमवाल्यासारखा.” त्या हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. वीस वर्षं त्यांचं महिन्याचं सामान आमच्याकडून जातंय.

त्यानंतर तीन दिवाळ्या वेगळ्या पद्धतीने केल्या. ती पद्धत इथे लिहितोय. किराण्याच्या अनुभवातून आली असली तरी शिंपी, गिरणीवाला, औषधांचं दुकान किंवा स्टेशनरी, कुणालाही थोड्या फरकाने चालेल.

आधी यादी, आणि ती फोनमधून काढायची नाही

कोजागिरीनंतर वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात. त्यातले पहिले दोन-तीन दिवस यादीला द्या. पुढे दुकानात भाजणीच्या डाळी, पोहे, रवा, मैदा यांची गर्दी सुरू झाली की डोकं चालत नाही.

फोनमधल्या नंबरांत एजंट असतात, टेम्पोवाले असतात, कधीतरी एकदा चौकशी करून गेलेले असतात. म्हणून मी खात्याची वही घेऊन बसतो, आणि रोख नेणाऱ्यांसाठी डोळे मिटून गल्लीतून एक फेरी मारतो. कोपऱ्यावरच्या घरापासून सुरुवात, प्रत्येक दारावर थांबायचं. ज्याचं नाव आठवताना घरातलं आणखी एखादं माणूस आठवतं, तो नेहमीचा. सहाशेचे अशाने एकशे चाळीस झाले, आणि एवढे पुरे आहेत.

मग प्रत्येक नावापुढे एक खूण. माझ्या खुणा चारच आहेत. ‘मो’ म्हणजे मोबाइलवर निरोप पाठवायचा. ‘का’ म्हणजे कागद: वयस्कर माणसं, व्हॉट्सअ‍ॅप नसणारी किंवा असून न बघणारी. ‘दि’ म्हणजे ज्यांच्याकडे यंदा दिवाळसण आहे, पहिल्या दिवाळीला जावई येणार आहे. आणि एक साधा ठिपका. ज्या घरात गेल्या दिवाळीनंतर कुणी गेलं आहे, त्या नावापुढे ठिपका.

हा ठिपका मी चुकीतून शिकलो. पोस्टरच्याच वर्षी एका घरातले आजोबा भाद्रपदात गेले होते. मी स्वतः तिसऱ्याला जाऊन आलो होतो. तरी यादीत नाव होतं म्हणून त्यांच्या सुनेला लक्ष्मीसकट सगळं पोस्टर गेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अर्धा लिटर दूध घ्यायला आल्या, सुटे पैसे मोजून ठेवले, नि गेल्या. माझ्या मागच्या फळीवर तेव्हा उटण्याच्या पुड्या आणि पणत्या लावलेल्या होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

मजकूर: क्रियापद तपासा

शुभेच्छा लिहिताना जाहिरात कुठून शिरते हे शोधायला मला एक सोपी युक्ती सापडली. मजकुरातली क्रियापदं तेवढी अधोरेखित करायची. ‘या’, ‘भेट द्या’, ‘लाभ घ्या’, ‘कळवा’, ‘असाच लोभ राहू द्या’ अशी आज्ञार्थी क्रियापदं दिसली की समजायचं, आपण काहीतरी मागतोय. ‘यंदा आणलं आहे’, ‘मिळेल’, ‘उपलब्ध’ हेही त्याच घरातले. झालेल्या गोष्टीबद्दल बोललात तर ती आठवण होते. होणाऱ्या खरेदीबद्दल बोललात की ती जाहिरात. ‘तुमच्या भाजणीला डाळी आपल्याकडच्याच गेल्या’ हे चालतं. ‘भाजणीच्या डाळी आल्या आहेत’ हे शुभेच्छांत चालत नाही, त्याला दुकानाबाहेरचा फळा आहे.

‘असाच लोभ राहू द्या’ या वाक्यावर माझं आणि भावाचं भांडण झालं. त्याच्या मते ती नुसती रीत आहे, त्यात मागणं कसलं? लग्नपत्रिकेत ते शोभतं हे मलाही मान्य आहे. पण दुकानदाराने लिहिलं की त्याचा अर्थ ‘समोरच्या मार्टला जाऊ नका’ असाच होतो, आणि वाचणाऱ्याला तो बरोबर कळतो.

दुसरी खोड म्हणजे नामांची माळ. ‘सुख, समृद्धी, शांती, आरोग्य, ऐश्वर्य, भरभराट’ ही माळ पतपेढी लिहिते, नगरसेवक लिहितो, मोबाइल कंपनीही लिहिते. वाचणारा तिच्यावरून नजर फिरवून खालचं नाव बघतो. त्यातलं एकही नाम ठेवू नका. त्याऐवजी या वर्षी, या दुकानात, या लोकांबरोबर घडलेली एक गोष्ट लिहा. ती सापडत नसेल तर दुकानातल्या पोऱ्याला विचारा, त्याला सगळं आठवत असतं.

गेल्या वर्षीचा माझा पहिला खर्डा असा होता:

“नमस्कार. वर्षभर तुमच्या पिशव्या भरताना तुमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी कळल्या. कुणाची दहावी झाली, कुणाकडे नातवंड आलं, कुणाची साखर बंद झाली. जुलैत पत्रा गळून पाणी आत आलं तेव्हा तुमच्यातल्या आठ-दहा जणांनी पोती उचलून फळीवर ठेवायला मदत केली. तुमच्या सेवेची अशीच संधी मिळत राहो. तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखसमृद्धीची जावो.”

बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “साखर कुणाची बंद झाली ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्या बिचाऱ्यांना वाटेल आपल्यालाच टोमणा मारला.” ते वाक्य गेलं. तेव्हापासून नियम केला: गल्ल्यावर चार माणसं उभी असताना जे मोठ्याने बोलता येईल, तेवढंच लिहायचं. आजारपण, उधारी, नोकरी गेली, मुलीचं लग्न ठरत नाही, हे आपल्याला माहीत असतं ते गल्ल्यामुळे. ते गल्ल्यापाशीच ठेवायचं. मग ‘सेवेची संधी’ गेली, कारण ते मागणं होतं. ‘सुखसमृद्धी’ तर माळेतलीच. उरलं ते असं गेलं:

“नमस्कार. जुलैत पत्रा गळून दुकानात पाणी आलं, त्या रात्री तुमच्यातल्या आठ-दहा जणांनी पोती उचलून फळीवर चढवली. गूळ भिजला, पण तांदूळ वाचला. तेव्हा घाईत नीट आभार मानायचे राहिले. आज दुकानात पहिली पणती लावताना ते आठवलं. तुम्हा सगळ्यांना घरच्या सगळ्यांसकट दिवाळीच्या शुभेच्छा.”

खाली माझं नाव. दुकानाचं नाव, पत्ता, ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा किराणा माल’ यातलं काही नाही. ज्याला हे पाठवतोय त्याला दुकान कुठे आहे ते माहीत आहे.

‘आपण’ लिहायचं की ‘तुम्ही’? मी तोंडाने जे म्हणतो तेच लिहितो, म्हणजे ‘तुम्ही’. ‘आपणांस’ म्हटलं की बँकेचं पत्र होतं. ‘ग्राहक’ हा शब्दही मजकुरात नको. समोरच्याला काकू, वहिनी, सर, दादा म्हणत असाल तर कागदावरही तेच म्हणा.

चित्राच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: देवाचं नको. आमच्या यादीत लक्ष्मीपूजन न करणारी बौद्ध घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, त्यांनाही शुभेच्छा जातातच. नुसती पणती सगळ्यांना चालते. दुकानातल्या वजनकाट्याशेजारी ठेवलेल्या खऱ्या पणतीचा फोटो तर इंटरनेटवरून उतरवलेल्या झगमगीत चित्रापेक्षा कितीतरी बरा. एक मात्र बघा, ज्यांना दिवाळीला निरोप पाठवता त्यांना ईदला किंवा बुद्धपौर्णिमेलाही गेला पाहिजे. नाहीतर तुम्ही आपला सण त्यांच्या दारात ठेवून आलात, एवढंच होतं.

पेठेत गुजराती व्यापाऱ्यांची चार घरं आहेत. त्यांचं नवीन वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला सुरू होतं. त्यांना मी पाडव्याला सकाळी समोर जाऊन ‘साल मुबारक’ म्हणतो, लिहीत नाही.

आणि शुद्धलेखन. यावर हसू नका, आमच्या पोस्टरवर एका ओळीत दोन चुका होत्या. ‘दिवाळी’तली दि ऱ्हस्व, ‘दीपावली’तली दी दीर्घ. ‘हार्दिक’मध्ये दि ऱ्हस्व. ‘शुभेच्छा’त च्छ आहे, च्या नाही. ‘आशीर्वाद’मध्ये रफार ‘वा’वर येतो, ‘शी’वर नाही. यादीतले तीन जण निवृत्त शिक्षक आहेत, आणि त्यातले एक अजून वर्तमानपत्रातल्या चुका पेनने दुरुस्त करतात.

कधी पाठवायचं

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाठवलेला निरोप कुणी वाचत नाही. त्या दिवशी फोनवर दोनशे चित्रं पडलेली असतात, आणि तुम्ही स्वतःही पूजेच्या लाह्या-बत्तासे आणि गल्ला यांत अडकलेले असता. मी वसुबारसेला, दिवेलागणीला पाठवतो. घराघरांत पहिली पणती त्याच वेळी लागते, आणि निरोपांचा पूर तेव्हा आलेला नसतो.

मजकुरात तारीख घालायची असेल तर आपल्या घरच्या पंचांगात बघून घाला. २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरचं की १ नोव्हेंबरचं यावर देशभर गोंधळ होता, आणि इंटरनेटवरून उचललेली चित्रं दोन्ही तारखांची फिरत होती. तिथीचं नाव लिहिलं तर ही भानगडच राहत नाही.

पाठवायचं कसं

ग्रुप करू नका, ही पहिली गोष्ट. ग्रुपमध्ये घातलं की तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि त्यात एकट्या राहणाऱ्या बायकाही असतात. शिवाय पहिल्या ‘धन्यवाद’नंतर एकशे चाळीस ‘धन्यवाद’ सगळ्यांच्या फोनवर वाजतात.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आपल्याला तेवढे लागतही नाहीत. प्रत्येकाला निरोप स्वतंत्र दिसतो. पण यात एक खोच आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही. तुमच्याकडे त्याचा नंबर असून उपयोग नाही. तुम्हाला वाटतं गेला, आणि तो मात्र वाट बघत असतो, किंवा शेजारणीला आला नि मला नाही म्हणून खट्टू होतो.

कळणार कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो निरोप दाबून धरा, मेसेज इन्फो उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला, ती नावं तिथे दिसतात. तिथे ज्यांचं नाव नाही त्यांचा फोन कदाचित बंद असेल, नाहीतर नंबर सेव्ह नसेल. आमच्या पहिल्या वर्षी असे एकतीस निघाले. त्यांना एकेकट्याला पाठवला, आणि एकेकट्याला पाठवायचाच आहे तर सुरुवातीला नाव घातलं: ‘वहिनी, नमस्कार’. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त उत्तरं त्या एकतीस जणांकडून आली. आता वेळ असेल तर ‘दि’ खुणेची सगळी घरं मी एकेकटीच करतो. ‘जावईबापूंच्या पहिल्या दिवाळीच्या शुभेच्छा’ एवढी एक ओळ जास्त.

कागद

‘का’ खुणेची साधारण चाळीस नावं असतात. छपाई करू नका, हाताने लिहा. स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराचा जाड कार्डशीट मिळतो. त्याचे चार तुकडे केले की पोस्टकार्डाएवढं कार्ड होतं. दहा शीटमध्ये चाळीस कार्डं होतात, दोन शीट चुकांसाठी जास्त घ्या. पेन साधं बॉलपेन. जेलपेनची शाई किराण्याच्या हाताला लागलेल्या तेलाने पसरते, माझी पहिली सात कार्डं तशीच गेली. अक्षर नेहमीपेक्षा दुप्पट मोठं काढा, कारण वाचणाऱ्याचा चष्मा दुसऱ्या खोलीत असतो.

शटर ओढल्यावर एका बैठकीत दहा कार्डं नीट होतात. त्यापुढे अक्षर आणि मन दोन्ही घसरतं, आणि सगळ्यांना तेच वाक्य जायला लागतं. चार रात्री काढा. प्रत्येक कार्डावर तीन ओळी पुरतात: हाक, एक आठवण, शुभेच्छा. निवृत्त मुख्याध्यापकांना गेल्या वर्षी लिहिलं, “सर, तुम्ही यादी मोठ्या अक्षरात लिहायला लागल्यापासून दुकानातल्या पोऱ्यालाही ती वाचता येते. तुम्हाला आणि बाईंना दिवाळीच्या शुभेच्छा.” सरांनी ते कार्ड फ्रिजवर लावलंय असं त्यांच्या नातवाने सांगितलं. त्यात दुरुस्ती केलीये का ते विचारायचं धाडस झालं नाही.

कार्ड सामानाच्या पिशवीत टाकू नका. बिलाबरोबर गेलं की ते बिलच वाटतं, आणि बऱ्याचदा साबणाच्या पाकिटाखाली चुरगळतं. हातात द्या, किंवा पोऱ्याला घरी पाठवा. बरोबर काही द्यायचंच असेल तर छोटं द्या, एखादी उटण्याची पुडी किंवा दोन पणत्या. भेट मोठी झाली की समोरच्याला परतफेडीची काळजी लागते. आणि विक्रीला ठेवलेल्या नव्या मालाचं सॅम्पल म्हणजे भेट नव्हे.

ठिपक्याची घरं

इथे ‘शुभ’ आणि ‘शुभेच्छा’ हे शब्द लिहायचे नाहीत, पणतीचा फोटोही नाही. पण गप्पही बसू नये. आपल्याकडे अशा घरात त्या वर्षी फराळाची कढई चढत नाही, नातेवाईक आणि शेजारी डबे आणून देतात. दुकानदाराला हे सगळ्यात आधी कळतं, कारण त्यांच्या यादीत मैदा नसतो. मी वसुबारस ते धनत्रयोदशी या दोन दिवसांत घरी जाऊन येतो, घरच्या फराळाचा एक डबा घेऊन. जाणं जमण्यासारखं नसेल तर फोन. लिहायचंच झालं तर एवढंच: “काकू, यंदा काकांशिवायची पहिली दिवाळी. ते दर पाडव्याला सकाळी पहिल्यांदा दुकानात यायचे, त्यांची आठवण निघतेच. आमच्याकडचा डबा उद्या पोचेल.” काही घरं वर्ष पाळत नाहीत, लेकरांसाठी आकाशकंदील लावतात. तिथे बेत त्यांच्या दाराकडे बघून बदलायचा.

उधारी

हा सगळ्यात नाजूक भाग आहे. दिवाळीआधी खाती मिटवायची ही जुनी रीत आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उधारीची आठवण दसऱ्याच्या आसपास, तोंडी, एकट्याला गाठून करायची. वसुबारसेनंतर भाऊबीजेपर्यंत तो विषय बंद. शुभेच्छा पाठवल्यावर त्याच चॅटमध्ये चार दिवसांनी ‘मागची बाकी’ लिहिलंत, तर आधीचा निरोपही मागे जाऊन वसुलीचा होतो. बाकी असलेल्या माणसाला शुभेच्छा मुद्दाम वगळूही नका. तो ते बरोबर टिपतो, आणि मग दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायला लागतो. पैसेही जातात, माणूसही.

उत्तरं आल्यावर

वसुबारसेच्या रात्री फोन वाजायला लागतो. बहुतेक हात जोडलेले असतात, त्यांना उत्तर नको. पण कुणी दोन शब्द लिहिले, रांगोळीचा फोटो पाठवला, तर झोपण्यापूर्वी एक ओळ तरी लिहा. दुकानाच्या फोनवर आपोआप जाणारं उत्तर लावलेलं असेल तर ते त्या आठवड्यापुरतं बंद करा. एकदा एका वहिनींनी ‘तुम्हालाही खूप शुभेच्छा, आईंना नमस्कार सांगा’ असं लिहिलं, आणि आमच्या फोनने त्यांना ताबडतोब कळवलं, ‘आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’. आईंनी तो नमस्कार अजून लावून धरलाय.

कुणी त्याच निरोपाखाली सामानाची यादी टाकली तर खुशाल घ्या, ती त्यांनी टाकली आहे. फक्त भाव आणि बिल फोनवर किंवा दुकानात सांगा, शुभेच्छांच्या खाली नको.

पाडव्याला नवी वही निघते. जुनी वही माळ्यावर टाकण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर मी पुढच्या वर्षासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. यंदाच्या पानावर आहे: दोन नंबर बदलले. कोपऱ्यावरच्या आजींना कार्ड नको, वाचून दाखवायला घरी कुणी नसतं, स्वतः जाणे. सरांचं कार्ड आधी बायकोकडून तपासून घेणे. आणि भाद्रपदातल्या त्या घराच्या नावापुढचा ठिपका खोडला आहे. सुनेने यंदा मैदा, रवा आणि एक किलो तूप नेलं.